आठ सेकंदांत बारा मात्रा: लयीवर कट आणि प्रकाश बसवणारा व्हिडिओ प्रॉम्प्ट

मजकुरावरून व्हिडिओ बनवणाऱ्या एआय मॉडेलकडून एका गाण्याच्या सुरुवातीसाठी आठ सेकंदांचा तुकडा करून घ्यायचा आहे. गाणं अजून रेकॉर्ड झालेलं नाही. हाताशी आहे ते फक्त संगीतकाराने शब्दांत सांगितलेलं वर्णन: लय मध्यम, मिनिटाला ९० मात्रा, चार मात्रांचं आवर्तन. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जड ढोल, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी. दोन आवर्तनं असंच चालतं. तिसऱ्या आवर्तनात टाळी थांबते, ढोलाचा रोल घुमत वाढत जातो आणि शेवटच्या मात्रेवर सगळं एकदम बंद. चित्रात एक रिकामं मोठं दालन आणि लाल पोशाखातली एक नर्तिका. मागणी एका वाक्याची: कट आणि दिवे ठेक्यावर बसले पाहिजेत.

या कामातली खरी अडचण अशी की प्रॉम्प्ट वाचणारं मॉडेल ठेका ऐकत नाही. त्याला मिळतो तो मजकूर, आणि त्या मजकुरातून ते काय दिसायला हवं एवढंच काढतं. म्हणून लयीचं वर्णन त्याला जसंच्या तसं देऊन भागत नाही. आधी लयीचं घटनांमध्ये रूपांतर करावं लागतं: काय होतं, कशानंतर होतं, आणि किती वेळ टिकतं. हे रूपांतर नीट झालं नाही तर काय होतं ते पहिल्या दोन मसुद्यांत दिसतं. तिसरा मसुदा चालला, तोही थोड्या संपादनानंतर.

आधी हिशेब

मिनिटाला ९० मात्रा म्हणजे एक मात्रा ६० भागिले ९०, अर्थात ०.६६७ सेकंदांची. व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमचा असेल तर एका मात्रेच्या बरोबर १६ फ्रेम होतात. आठ सेकंदांत १९२ फ्रेम, म्हणजे बारा मात्रा, म्हणजे चार मात्रांची तीन पूर्ण आवर्तनं. इथे आकडे फारच सोयीचे पडले आहेत. लय निवडायची मुभा असेल तर २४ फ्रेमच्या व्हिडिओसाठी ७२, ८०, ९०, ९६ किंवा १२० अशी लय घ्यावी, कारण या सगळ्यांत मात्रा पूर्ण फ्रेमवर पडते.

मुभा नसेल तर एक चूक टाळायची. १०० च्या लयीत मात्रा १४.४ फ्रेमची होते. ती १४ धरून पुढे बेरीज करत गेलं तर बाराव्या मात्रेनंतर जवळजवळ पाच फ्रेमचा फरक पडतो, आणि तो डोळ्याला कळतो. प्रत्येक मात्रेची जागा दर वेळी शून्यापासून गुणून काढायची आणि मगच जवळच्या पूर्ण फ्रेमवर आणायची.

आपल्या प्रकरणात मात्रा सुरू होतात त्या फ्रेम अशा: पहिल्या आवर्तनात ०, १६, ३२, ४८. दुसऱ्यात ६४, ८०, ९६, ११२. तिसऱ्यात १२८, १४४, १६०, १७६. टाळ्या पडतात १६, ४८, ८० आणि ११२ वर. सगळं थांबतं ते १७६ वर, आणि तिथून १९२ पर्यंतच्या सोळा फ्रेम शांततेच्या. हे आकडे प्रॉम्प्टमध्ये जाणार नाहीत. ते कागदावर राहतात आणि शेवटी तपासणीच्या वेळी लागतात.

पहिला मसुदा: लयीचं नुसतं नाव

बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात:

> जुन्या दालनात नाचणारी नर्तिका, म्युझिक व्हिडिओ शैली, मिनिटाला ९० मात्रांच्या ठेक्यावर कट, लयीसोबत चमकणारे दिवे, जोशपूर्ण, सिनेमॅटिक.

यातून मिळतो तो बहुधा एकच अखंड शॉट. कॅमेरा नर्तिकेभोवती फिरतो, मागे धूर आणि निऑन दिवे येतात, दिवे कसलाही क्रम नसताना लुकलुकतात, आणि नर्तिका गात असल्यासारखे ओठ हलवते. यातलं काहीही मागितलेलं नव्हतं, तरी प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

‘म्युझिक व्हिडिओ’ या शब्दांना मॉडेलच्या लेखी एक ठराविक दृश्यरूप आहे: रंगमंच, धूर, गायिका. तो शब्द लिहिला की हे सगळं आपोआप येतं. ‘९० मात्रा’ या आकड्याला मात्र दृश्यरूप नाही. ही मॉडेलं चित्र आणि त्याच्या वर्णनाच्या जोड्यांवरून शिकलेली असतात, आणि वर्णनात सहसा दिसणाऱ्या गोष्टी असतात, मिनिटाला किती मात्रा हे नसतं. ‘लयीसोबत चमकणारे दिवे’ यात दिवा कोणता, कुठून येणारा, चमकण्याआधी कसा आणि नंतर कसा, यातलं काहीच नाही. सांगितलं नाही तिथे मॉडेल सरासरीकडे जातं, आणि चमकणाऱ्या दिव्यांची सरासरी म्हणजे अनियमित लुकलुक.

दुसरा मसुदा: प्रत्येक मात्रेला घड्याळ

यावरचा उपाय म्हणून सगळे जण उलट्या टोकाला जातात. प्रत्येक मात्रेची वेळ लिहायची आणि प्रत्येक मात्रेवर नवा शॉट मागायचा:

> ०.०० सेकंद: पावलांचा जवळून शॉट, निळा प्रकाश. ०.६७ सेकंद: कट, हातांचा शॉट, पांढरा झोत. १.३३ सेकंद: कट, पूर्ण आकृती, निळा प्रकाश…

अशा बारा ओळी. कागदावर हे अचूक दिसतं, पण पडद्यावर बारापैकी चार-पाच शॉटच ओळखू येतात. काही शॉट गळतात. काही ठिकाणी कट न होता एक चित्र वितळून दुसरं होतं: हात पसरट होत पाऊल बनतात. पोशाखाचा लाल रंग मध्येच किरमिजी होतो, आणि तिसऱ्या सेकंदाला केस मोकळे सुटलेले असतात.

वेळेचे आकडे मॉडेल क्रम समजण्यापुरते वापरतं. पहिल्या सेकंदाच्या आसपास काहीतरी बदलायचं आहे एवढं त्याला कळतं, ०.६७ आणि ०.७५ यातला फरक नाही. आकडे लिहिले तर बिघडत नाही, पण त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दर ०.६७ सेकंदाला नवा शॉट मागितला की प्रत्येक शॉटच्या वाट्याला सोळाच फ्रेम येतात. तेवढ्यात नवी चौकट मांडायची, तीच व्यक्ती तशीच ठेवायची आणि हालचालही दाखवायची, हे एका तुकड्यात पेलत नाही.

तिसरं कारण मॉडेलच्या रचनेत आहे, आणि प्रकाशासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. यातली बरीच मॉडेलं एकेक फ्रेम स्वतंत्र घडवत नाहीत. व्हिडिओ आधी दाबून लहान केलेल्या रूपात तयार होतो आणि मग उलगडला जातो. अनेक खुल्या मॉडेलांत वेळेच्या दिशेने चार फ्रेमचा मिळून एक टप्पा असतो, काहींत आठचा. दोन फ्रेमची लख्ख चमक अशा एका टप्प्याच्या आतच बसते, त्यामुळे उलगडताना ती आजूबाजूला पसरते आणि चमकेऐवजी धूसर फिकटपणा उरतो. छायाचित्राच्या फ्लॅशसारखा क्षणिक प्रकाश मागितला की निराशा ठरलेली. काही वेळ टिकणारी प्रकाशाची स्थिती मागितली तर ती मिळते.

लय वाटून द्यायची

तिसऱ्या मसुद्याआधी एक निर्णय घ्यायचा आहे: ठेक्याचा कोणता भाग चित्रातली कोणती गोष्ट सांभाळेल. सगळा ठेका कटावर टाकला की दुसरा मसुदा होतो. ठेक्यात तीन थर आहेत, आणि चित्रातही तीन गोष्टी हाताशी आहेत.

आवर्तनाची सम कटाला दिली. म्हणजे फक्त दोन कट, ६४ आणि १२८ वर, आणि तीन शॉट. प्रत्येक शॉटला ६४ फ्रेम, अर्थात २.६७ सेकंद. एवढ्या अवधीत मॉडेल चौकट उभी करू शकतं आणि माणूस तोच ठेवू शकतं. एका आठ सेकंदांच्या तुकड्यात तीन शॉट ही मर्यादा मानावी, चौथ्यापासून घसरण सुरू होते.

टाळी प्रकाशाला दिली, पण चमक म्हणून नाही, अदलाबदल म्हणून. दालनात दोनच प्रकाशस्रोत: मंद निळा आणि तेज पिवळा. टाळी पडली की जो चालू आहे तो जातो आणि दुसरा येतो. याचा नकाशा मांडला तर एक छान गोष्ट दिसते. निळा ० ते १६, पिवळा १६ ते ४८, पुन्हा निळा ४८ ते ८०. पहिला कट ६४ वर, म्हणजे निळ्याच्या मधोमध. कट होताना प्रकाश बदलत नाही, आणि प्रकाश बदलताना कट होत नाही. दोन्ही आळीपाळीने येतात, ढोल आणि टाळी येतात तसेच. कटाच्या दोन्ही बाजूंना तोच निळा प्रकाश असल्याने जागा तीच आहे हे डोळ्याला लगेच पटतं, आणि मॉडेललाही दालन तसंच ठेवायला मदत होते. पहिल्या दोन्ही शॉटांच्या आत आकार एकच: निळा थोडा, पिवळा जास्त, निळा थोडा. सोळा, बत्तीस, सोळा. हे प्रमाण शब्दांत सांगता येतं.

रोलला काय द्यायचं? पहिल्यांदा सुचतो तो स्ट्रोब. तो इथे नको, आणि कारण दिसण्यापुरतं नाही. रोलमध्ये मात्रेला चार ठोके धरले तर ९० च्या लयीत सेकंदाला सहा लखलखाट होतात. वेबवरच्या मजकुराच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी निकष एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत असं सांगतात, कारण त्याने प्रकाशसंवेदनशील अपस्मार असणाऱ्यांना झटका येऊ शकतो. शिवाय चार फ्रेमच्या टप्प्यांत तो स्ट्रोब नीट उमटणारही नाही. म्हणून रोलची गती दाखवायची नाही, त्याचा वाढता जोर दाखवायचा: १२८ पासून १७६ पर्यंत, दोन सेकंद, प्रकाश एकसलग चढत जातो. १७६ वर काळोख. अखंड चढण आणि तिचा अचानक शेवट, हे मॉडेलला चांगलं जमतं.

हालचालीचं काम फक्त खुणा देण्याचं. नर्तिकेला प्रत्येक मात्रेवर पाय टाकायला लावायचं नाही, कारण ते मोजून होणार नाही. शॉटमध्ये दोनच ठळक हालचाली, आणि त्या प्रकाशबदलाला बांधलेल्या.

तिसरा मसुदा

> एकाच रिकाम्या, उंच छताच्या दालनात घडणारे तीन शॉट, तिन्ही समोरून घेतलेले. शॉटांमध्ये सरळ कट. एकच नर्तिका: तिशीतली, लाल सुती पोशाख, केस मागे घट्ट बांधलेले, ओठ मिटलेले. दालनात दोनच प्रकाशस्रोत: चौकटीच्या डावीकडच्या उंच खिडकीतून येणारा मंद निळा प्रकाश, आणि उजवीकडे जमिनीवर ठेवलेला एक तेज पिवळा दिवा. एका वेळी एकच चालू असतो. बदल झटक्यात होतो.
>
> शॉट १. लांबून, पूर्ण आकृती, कॅमेरा स्थिर. निळा प्रकाश, नर्तिका उभी. ती टाळी वाजवते आणि त्याच क्षणी निळा जाऊन पिवळा दिवा लागतो. पिवळ्या प्रकाशात ती सावकाश अर्धी गिरकी घेऊन परत समोर येते. ती पुन्हा टाळी वाजवते आणि त्याच क्षणी पिवळा जाऊन निळा येतो. निळ्यात ती क्षणभर स्थिर.
>
> सरळ कट. शॉट २. कमरेपासून वर, कॅमेरा स्थिर. निळा प्रकाश तसाच. ती उजव्या खांद्याला झटका देते आणि त्याच क्षणी पिवळा दिवा लागतो. पिवळ्यात ती एक हात सावकाश डोक्यावर नेते. हात झटक्यात खाली येतो आणि त्याच क्षणी निळा येतो.
>
> सरळ कट. शॉट ३. चेहरा जवळून, कॅमेरा अगदी सावकाश पुढे सरकतो. ती स्थिर, डोळे उघडे. निळा प्रकाश एकसलग वाढत पांढरा होत जातो. चेहरा पूर्ण उजळतो त्याच क्षणी संपूर्ण काळोख, आणि शेवटपर्यंत काळोखच.

यात एकही आकडा सेकंदाचा नाही, तरी लय आहे. ती ‘त्याच क्षणी’ या दोन शब्दांत आहे. दोन घटना एकाच वाक्यात कारण आणि परिणाम म्हणून जोडल्या की मॉडेल त्या एकत्र घडवतं. प्रकाशबदल ‘दीड सेकंदाने’ मागितला तर तो कुठेही पडतो, टाळीला बांधला तर टाळीसोबत पडतो. टाळी नेमकी सोळाव्या फ्रेमवर नाही पडली तरी चालेल, कारण ती संपादनात सरकवता येते. प्रकाश आणि टाळी एकमेकांपासून सुटले तर मात्र ते नंतर जोडता येत नाहीत.

अवधी सांगायचं काम क्रियांनी केलं आहे. ‘सावकाश अर्धी गिरकी’ला वेळ लागतोच, म्हणून पिवळा भाग आपोआप लांब होतो. ‘क्षणभर स्थिर’ने शेवटचा निळा भाग आखूड राहतो. पिवळा जास्त वेळ हवा असेल तर ‘जास्त वेळ’ असं लिहिण्यापेक्षा त्या प्रकाशात लांबणारी क्रिया लिहावी. तिसऱ्या मसुद्यात सगळ्यात जास्त विचार याच वाक्यांवर खर्च झाला आहे.

कॅमेरा तिन्ही शॉटांत समोरून आहे तो दिव्यांच्या दिशेसाठी. कॅमेरा बाजूला नेला तर डावीकडची खिडकी चौकटीत मागे किंवा पुढे जायला हवी. मॉडेल हा हिशेब क्वचितच पाळतं, त्याला ‘डावीकडे’ म्हणजे चौकटीची डावी बाजू. एकाच दिशेने केलेले कट कधीकधी उडी मारल्यासारखे वाटतात, पण इथे पूर्ण आकृती, कमर आणि चेहरा असा आकारात मोठा फरक आहे, त्यामुळे ते खटकत नाही. कॅमेरा स्थिर ठेवण्याचंही कारण आहे. फिरत्या कॅमेऱ्याने उजेड आपोआप बदलतो आणि आपण मागितलेला बदल त्यात हरवतो.

पिवळा ‘तेज’ आणि निळा ‘मंद’ हेही मुद्दाम. दोन्ही सारखेच उजळ असतील तर फक्त रंग बदलतो, आणि डोळ्याला तो ठोका म्हणून कमी जाणवतो. ‘ओठ मिटलेले’ असं लिहिलं आहे, ‘गात नाही’ असं नाही, कारण नकारातली गोष्ट पुष्कळदा चित्रात येऊनच बसते. काळोखाचं वाक्य ‘शेवटपर्यंत काळोखच’ असं संपवलं नाही तर मॉडेल उरलेल्या सोळा फ्रेममध्ये दिवे पुन्हा लावतं, आणि सगळा शेवट वाया जातो.

मोजणी

हा प्रॉम्प्ट एकदा चालवून थांबायचं नाही, चार-पाच तुकडे काढायचे. निवडताना काही गोष्टी नापास ठरवणाऱ्या: कटाऐवजी वितळणं, दोन्ही दिवे एकाच वेळी चालू राहणं, बदललेला चेहरा. यातलं काही दिसलं तर तो तुकडा सोडायचा. वेळ मागेपुढे असणं हा दोष मानायचा नाही.

पाहताना आधी आवाज बंद ठेवायचा. काही साधनं चित्रासोबत स्वतःचा आवाजही तयार करतात, आणि त्या आवाजातला ठेका आपल्या ९० शी जुळणारा नसतो. तो चालू असला की चित्र लयीत आहे असा भास होतो.

निवडलेल्या तुकड्यातले कट कुठे पडले हे फ्रेमने शोधायचं. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या साधनाची ही आज्ञा मोठे बदल आणि त्यांची वेळ छापते:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf "select='gt(scene,0.3)',showinfo" -f null -
```

ओळींमध्ये `pts_time` समोर सेकंद दिसतात, त्यांना २४ ने गुणलं की फ्रेम मिळते. दिव्याचा झटक्यातला बदलही इथे कट म्हणून दिसू शकतो, तेव्हा प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून घ्यायची. प्रकाशासाठी प्रत्येक फ्रेमचा सरासरी उजेड छापून घेतलेला बरा:

```
ffprobe -f lavfi -i movie=clip.mp4,signalstats -show_entries frame_tags=lavfi.signalstats.YAVG -of csv=p=0
```

एका ओळीत एका फ्रेमचा आकडा येतो, त्यामुळे ओळीच्या क्रमांकातून एक वजा केला की फ्रेम कळते. तेज पिवळ्याने आकडा उडी मारतो, मंद निळ्याने खाली पडतो. ही उडी एक-दोन फ्रेममध्ये पूर्ण झाली तर बदल झटक्यात झाला. ती सहा-आठ फ्रेमवर पसरली असेल तर दिवा विरघळत बदलला आहे, आणि तो टाळीवर ‘बसल्यासारखा’ कधीच वाटणार नाही. असा तुकडा बाजूला ठेवायचा. दोन्ही दिवे सारखे उजळ ठेवले असते तर ही मोजणीही आंधळी झाली असती.

समजा, निवडलेल्या तुकड्यात कट ६१ आणि १३० वर आले. हवे होते ६४ आणि १२८ वर. पहिल्या शॉटमध्ये प्रकाश १५ आणि ४६ वर बदलला, दुसऱ्यात कटानंतर १९ आणि ५२ फ्रेमनी, आणि तिसऱ्यात काळोख कटानंतर ४४ फ्रेमनी पडला.

ठेक्यावर आणणं

आता तुकडा दोन्ही कटांवर तोडून तीन शॉट वेगळे केले की प्रत्येकाचा उपाय वेगळा निघतो.

पहिला शॉट ६१ फ्रेमचा आहे, हवा ६४ चा. तो ९५.३ टक्के वेगाने चालवला की ६४ होतो, आणि त्यातले प्रकाशबदल १५ वरून साधारण १६ वर आणि ४६ वरून ४८ वर जातात. दोन्ही जागेवर. चौसष्ट फ्रेममध्ये तीन फ्रेम दोनदा दिसतील. स्थिर कॅमेरा आणि सावकाश गिरकीत ते कळत नाही, फिरता कॅमेरा असता तर झटके दिसले असते.

दुसरा शॉट ६९ फ्रेमचा, म्हणजे पाच जास्त. इथे वेग वाढवायचा मोह होतो, पण आधी प्रकाशाकडे पाहायचं. तो १९ आणि ५२ वर बदलतो, हवा १६ आणि ४८ वर. सुरुवातीच्या तीन फ्रेम कापल्या की बदल १६ आणि ४९ वर येतात. मग शेवटच्या दोन कापल्या की लांबी ६४. दुसरा बदल एक फ्रेम उशिरा राहतो, तो तसाच सोडला. पाचही फ्रेम शेवटून कापल्या असत्या तर लांबी बरोबर आली असती आणि दोन्ही टाळ्या चुकल्या असत्या.

तिसरा शॉट ६२ फ्रेमचा. काळोखापर्यंतच्या ४४ फ्रेम ९१.७ टक्के वेगाने ताणल्या की ४८ होतात. काळोखाच्या १८ पैकी दोन कापल्या की १६. बेरीज केली की पूर्ण १९२.

किती चूक चालते याचा एक अंदाज प्रसारणातून मिळतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला की प्रेक्षकाला जाणवू लागतं, नंतर आला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. ते माप बोलणाऱ्या माणसासाठी आहे, तरी दिशा इथेही उपयोगी पडते. २४ फ्रेममध्ये एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. म्हणजे चित्र ठोक्याच्या आधी दोन-तीन फ्रेम पडलं तर चालून जातं, ठोक्यानंतर एका फ्रेमपलीकडे गेलं की ढिलं वाटतं. शंका असेल तेव्हा कट एक फ्रेम अलीकडे सरकवावा.

जुळवलेला तुकडा शेवटी ९० च्या मेट्रोनोमवर लावून पाहायचा, आणि नुसती टिकटिक न ठेवता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वेगळा आवाज ठेवायचा. नाहीतर सगळं एक मात्रा सरकलेलं असलं तरी ते बसल्यासारखंच वाटतं.

शॉट वेगवेगळे करून घेणं कधी बरं

तीनही शॉट एका प्रॉम्प्टमध्ये मागण्याचा फायदा असा की दालन, पोशाख आणि दिव्यांचे रंग एकसारखे राहतात. शॉट चार किंवा अधिक हवे असतील, किंवा साधन एका वेळी पाचच सेकंद देत असेल, तर प्रत्येक शॉट स्वतंत्र काढावा. पाच सेकंदांत या लयीच्या साडेसातच मात्रा बसतात, म्हणजे दुसरं आवर्तनही पुरं होत नाही. अशा वेळी नर्तिकेचं एक स्थिर चित्र तिन्ही शॉटांना आधार म्हणून द्यायचं, दालन आणि दिव्यांचं वर्णन तिन्ही प्रॉम्प्टमध्ये शब्दशः तेच ठेवायचं, आणि दुसऱ्या व तिसऱ्या शॉटची सुरुवात ‘निळा प्रकाश आधीपासून चालू आहे’ अशी करायची. ते वाक्य विसरलं की शॉट काळोखातून उजळत सुरू होतो आणि कटावर एक नको असलेला ठोका ऐकू आल्यासारखा दिसतो.

लय बदलली तर

गाणं प्रत्यक्ष रेकॉर्ड होताना लय सहसा थोडी हलते. ती ९२ झाली तर बारा मात्रांना ७.८३ सेकंद लागतात. सगळा तुकडा १०२.२ टक्के वेगाने चालवला की सगळे कट आणि प्रकाशबदल एकत्रच जागेवर येतात, आणि नर्तिकेच्या हालचालीत फरक कळत नाही. लय ११० झाली तर तोच उपाय १२२ टक्क्यांवर जातो. गिरकी घाईची दिसते आणि हात खाली येताना तुटल्यासारखा वाटतो. तिथे प्रॉम्प्टच बदलावा लागतो: अर्ध्या गिरकीऐवजी फक्त मान वळवणं, हात डोक्यावर नेण्याऐवजी छातीपर्यंत, म्हणजे पिवळा भाग क्रियेमुळेच आखूड होईल. बारा मात्रा तेव्हा ६.५५ सेकंदांत संपतात. उरलेले दीड सेकंद शेवटच्या काळोखात जातात आणि संपादनात कापले जातात.